टॉवेल कंपनीची सरकारी चौकशी: लावणार कोण, आणि अधिकारी काय काय मागू शकतो?

भागीदार_नावापुरता:
अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका प्रायव्हेट लिमिटेड टॉवेल कंपनीत आम्हा बहीण-भावाचे मिळून 8 टक्के शेअर. जुने 24 लूम भंगारात गेले, पैसे किती आले ते कोणी सांगत नाही. सूत सगळं थोरल्या संचालकांच्या मुलाच्या फर्मकडून येतं. सरकारी चौकशी लावता येते का? लावली तर अधिकारी काय मागू शकतात? की घरातलं घरात मिटवावं? मतं सांगा.

होटगी_रोड:
8 टक्क्यांत काही होत नाही. चौकशीचा अर्ज करायला 10 टक्के मतं किंवा 100 सभासद लागतात. तुमच्या कंपनीत सभासदच मोजून तीस-चाळीस असतील. अजून 2 टक्केवाला कोणी पुतण्या-भाचा गाठा, नाहीतर सोडून द्या.

दप्तर_तपासनीस:
होटगी रोड, तुमचा आकडा बरोबर आहे, पण तो एकाच दाराचा. कंपनी कायदा 2013 च्या कलम 213 मध्ये दोन दारं आहेत. पहिल्यात 100 सभासद किंवा 10 टक्के मताधिकार लागतो. दुसऱ्यात 'इतर कोणीही व्यक्ती' एनसीएलटीकडे, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे जाऊ शकते. मात्र तिथे नुसत्या शंकेवर भागत नाही. धंदा सभासदांना किंवा देणेकऱ्यांना फसवण्यासाठी चाललाय, कारभार पाहणाऱ्यांनी लबाडी केलीय, किंवा सभासदाला रास्त अपेक्षा असलेली माहिती दडवली जातेय, असं दाखवणारी परिस्थिती पुढे ठेवावी लागते. तुमचं प्रकरण या शेवटच्या मुद्द्यात चपखल बसतं.

त्याच्याही आधीची पायरी म्हणजे रजिस्ट्रार ऑफ कंपनीज. सोलापूर पुण्याच्या रजिस्ट्रारकडे येतं. एक शेअर असलेल्या माणसाची तक्रारसुद्धा ते घेऊ शकतात, कारण कलम 206(4) मध्ये 'कोणत्याही व्यक्तीने' दिलेली माहिती चालते. फक्त एक ध्यानात ठेवा. चौकशी करण्याआधी आरोप काय ते कंपनीला कळवावं लागतं आणि तिचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. तीस सभासदांच्या घरच्या कंपनीत तक्रार कोणाची, हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं.

आणि एनसीएलटी स्वतः तपास करत नाही. तपास व्हायला हवा असं ती म्हणते, मग केंद्र सरकारला निरीक्षक नेमावाच लागतो. कलम 210 खाली सरकार स्वतःहूनही नेमू शकतं: रजिस्ट्रारचा अहवाल आला, कंपनीने विशेष ठराव केला किंवा सार्वजनिक हित असलं तर. तुमच्याकडे विशेष ठरावाची मतं नाहीत, तो रस्ता विसरा.

चिंचोळीकर:
मी उलट बाजू मांडतो. कारखाना चालवणाऱ्याला या चौकशांचा किती ताप होतो याचा विचार कोणी करत नाही. बँकेला कुणकुण लागली की कॅश क्रेडिट नूतनीकरणाला शंभर प्रश्न. निर्यातीच्या ऑर्डरी अडतात. अधिकारी येतो, कॉम्प्युटर उचलून नेतो, सहा महिने दप्तर परत मिळत नाही. आणि 8 टक्केवाल्याला बसून मजा. भावाभावांतलं भांडण सरकारदरबारी नेण्यापेक्षा मध्यस्थ बसवून शेअरचा भाव ठरवा आणि मोकळे व्हा.

दप्तर_तपासनीस:
चिंचोळीकर, ताप होतो हे मान्य. पण 'येतो आणि उचलून नेतो' हे सरसकट खरं नाही. रजिस्ट्रारच्या तपासणीच्या टप्प्यावर दप्तर नष्ट किंवा बदललं जाईल असं मानायला रास्त कारण असेल, तर झडती-जप्ती होऊ शकते, पण आधी विशेष न्यायालयाचा आदेश लागतो. तेही कंपनीला स्वतःच्या खर्चाने प्रती काढू देऊन, आणि 180 दिवसांत दप्तर परत करायचं असतं. पुढे गरज पडली तर आणखी 180 दिवसांसाठी मागता येतं. तुमचे सहा महिने तिथूनच आले. मात्र पूर्ण तपास सुरू झाल्यावर निरीक्षकाला कलम 220 खाली जप्तीसाठी न्यायालयाचा आदेश लागत नाही. सगळा गोंधळ या दोन टप्प्यांची सरमिसळ केल्याने होतो.

रेशीमबंध:
आमच्या सूतगिरणीत असंच झालं होतं. सभासदांनी अर्ज दिला, निबंधकांनी कलम 83 ची चौकशी लावली, पुढे कलम 88 ची वसुली निघाली. तुम्हीही जिल्हा उपनिबंधकांकडे जा, कामं पटकन होतात.

होटगी_रोड:
रेशीमबंध, ती सहकारी संस्था. हे महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यातलं झालं. यांची प्रायव्हेट लिमिटेड आहे, उपनिबंधकांचा इथे काडीचा संबंध नाही.

भागीदार_नावापुरता:
बरं, दोन नेमक्या गोष्टी विचारतो. लूमचा हिशोब अधिकारी कसा काढणार? आणि मुलाची फर्म तर वेगळी आहे, तिचं दप्तर मागता येईल का?

दप्तर_तपासनीस:
लूमपासून सुरू करू, कारण तिथलं अर्धं काम तुम्हीच आजच्या आज करू शकता. सभासदाला कंपनीची हिशोबाची पुस्तकं पाहण्याचा हक्क कायदा देत नाही. सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त बघता येतात, संचालक मंडळाचे नाही. पण दाखल केलेला ताळेबंद एमसीएच्या, म्हणजे केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर 100 रुपये भरून कोणालाही पाहता येतो. त्यातल्या स्थिर मालमत्तेच्या टिपेत 'वर्षभरातील वजावट' असा रकाना असतो.

धरून चला, मूळ किमतीतून 62 लाख वजा झालेत आणि साचलेला घसारा 50 लाख काढलाय. म्हणजे पुस्तकी किंमत उरली 12 लाख. नफातोट्यात मालमत्ता विक्रीचा तोटा 8 लाख दिसला, तर विक्रीचे आले 4 लाख. आता 24 लूमचं वजन 60 टन असेल आणि भंगार लोखंडाला त्या महिन्यात किलोला 30 रुपये मिळत असतील, तर होतात 18 लाख. 18 आणि 4 मधला हा फरक तुमच्या तक्रारीचा कणा. 'पैसे खाल्ले' असं लिहू नका, हे चार आकडे लिहा.

निरीक्षक मग याच्या उलट्या दिशेने येतो. वजनकाट्याची पावती, कर बीजक, ई-वे बिल, गेट पास, विमा पॉलिसीतून ते लूम कोणत्या तारखेला वगळले, आणि पैसे कोणत्या खात्यात पडले. यातला एकही कागद एकटा काही सांगत नाही. गेट पासवर 24 लूम आणि बीजकावर 9, असं निघालं की मग बोलायला जागा उरत नाही. शिवाय 1 एप्रिल 2023 पासून हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक नोंदीतल्या बदलाची तारखेसह नोंद राहणं बंधनकारक आहे. नोंद मागाहून फिरवली असेल तर तिथे दिसते. पुस्तकं 8 आर्थिक वर्षं जपायची असतात, 'जुनं होतं, फेकलं' हे उत्तर त्याआधी चालत नाही.

फर्मचा प्रश्न अवघड आहे. कंपनीचे आजी-माजी अधिकारी, कर्मचारी, एजंट या सगळ्यांना निरीक्षकापुढे कागद ठेवणं भाग आहे. दुसऱ्या कंपनीकडून किंवा एलएलपीकडूनही निरीक्षक माहिती मागू शकतो. पण मुलाची फर्म साधी भागीदारी किंवा मालकीची असेल, तर ती त्यात येत नाही. मग मुलालाच व्यक्ती म्हणून शपथेवर तपासावं लागतं, आणि तो कंपनीचा कोणी नसेल तर केंद्र सरकारची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. बँकेकडूनही कंपनीच्या खात्याची माहिती मिळेल, मुलाच्या खात्याची या कायद्याखाली मिळणार नाही. तरी सूत कोणत्या दराने घेतलं हे कंपनीच्याच बीजकांत आहे. त्याच आठवड्यात दुसऱ्या गिऱ्हाइकाला तोच काउंट काय दराने पडला, ते शोधा.

चिंचोळीकर:
शपथेवर जबाब म्हणे. आणि 'स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही' हा राज्यघटनेतला हक्क कुठे गेला? मी असतो तर एका प्रश्नाचं उत्तर दिलं नसतं.

दप्तर_तपासनीस:
कलम 20(3) आरोपीला मिळतं. सुप्रीम कोर्टाने 1960 मध्येच राजा नारायणलाल बन्सीलाल यांच्या प्रकरणात सांगितलं की कंपनीच्या तपासात निरीक्षकापुढे बसलेला माणूस त्या टप्प्यावर आरोपी नसतो. त्यामुळे गप्प बसलात तर वेगळा गुन्हा. निरीक्षकाला कागद न देणं किंवा उत्तर नाकारणं यात 6 महिन्यांपर्यंत कैद, 25,000 ते 1 लाख दंड, वर चालू राहिलं तर दिवसाला 2,000. वकिलाशी झालेलं गोपनीय बोलणं मात्र वकिलाकडून मागता येत नाही.

खरी चूक लोक सहीच्या वेळी करतात. जबाब लिहून वाचून दाखवतात, सही घेतात, आणि तो पुढे सही करणाऱ्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येतो. 'आठवत नाही'च्या जागी 'माहीत नाही' लिहिलं असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्यावं. घाईत सही केली की गेलं.

भागीदार_नावापुरता:
आम्हाला आकडे सांगणारा माणूस कंपनीतलाच अकाउंटंट आहे. त्याला काढून टाकतील.

दप्तर_तपासनीस:
हा धोका खरा आहे. तपास चालू असताना कर्मचाऱ्याला काढायला एनसीएलटीची मंजुरी लागते, पण 30 दिवसांत मंजुरीचं उत्तर आलं नाही तर कंपनी पुढे जाऊ शकते. आणि मुख्य म्हणजे हे संरक्षण 210, 212, 213 सारख्या तपासात किंवा अन्यायाच्या अर्जाची कारवाई चालू असताना आहे. रजिस्ट्रारच्या साध्या चौकशीत नाही. म्हणून तक्रारीत त्याचं नाव, त्याने काढलेली प्रिंट, काहीही घालू नका. पोर्टलवरच्या ताळेबंदावर उभी राहील इतकीच तक्रार करा.

होटगी_रोड:
मग मी म्हणतो, तपासाच्या मागे लागूच नका. कलम 241 चा अन्याय व गैरव्यवस्थापनाचा अर्ज करा. तिथे एकूण सभासदांच्या एक दशांश संख्येचा पर्याय आहे, 10 टक्के भांडवल नसलं तरी चालतं. चाळीस सभासद असतील तर चार डोकी पुरतात. आणि तिथे शेअर विकत घ्यायचा आदेशही मिळू शकतो. तपासात तुम्हाला काय मिळणार? अहवाल.

दप्तर_तपासनीस:
हे तुमचं बरोबर. संख्येची अट एनसीएलटी माफही करू शकते. पण पुरावा नसताना 241 लावलं तर वर्षानुवर्षं प्रतिज्ञापत्रांची देवाणघेवाण चालते. तपासाच्या अहवालाची प्रत सभासदाला अर्ज करून मिळू शकते, ती मग 241 मध्ये कामी येते. रजिस्ट्रारच्या तपासणीचा अहवाल मात्र सरकारकडे जातो, तक्रारदाराकडे नाही.

चिंचोळीकर:
म्हणजे भंगाराच्या चौदा लाखांसाठी वकिलाला त्याहून जास्त देणार. आणि बेरियम केमिकल्सच्या निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंच आहे की नुसता कारभार वाईट म्हणजे फसवणूक नव्हे. कोणी लूम स्वस्तात विकले म्हणून चोर ठरत नाही.

दप्तर_तपासनीस:
तो 1966 चा निकाल सरकारने स्वतःच्या मतावर नेमलेल्या तपासाबद्दल होता. फसवणुकीकडे बोट दाखवणारी परिस्थिती मुळात असायला हवी, एवढंच त्यातून घ्या. लूम कोणाला विकले ते अजून कोणालाच माहीत नाही. खरेदीदार त्याच मुलाची फर्म निघाली तर तुमचा मुद्दा उरतो का, चिंचोळीकर?

चिंचोळीकर:
निघाली तर बोलू. आधी बीजक दाखवा.

भागीदार_नावापुरता:
ताळेबंद डाउनलोड केला. वजावटीच्या रकान्यात 71 लाख आहेत. विक्रीचा तोटा वेगळा दाखवलेला नाही, 'इतर खर्च' मध्येच मिसळलाय. अशा वेळी रजिस्ट्रारकडे काय लिहायचं?