‘शकतो’ या शब्दात अडकलेली ऑर्डर

> इंग्रजी मेल आधी मराठीत करून घेतो, मग उत्तर देतो. पण सूर बरोबर उतरला का, हे कसं तपासायचं?

भाऊ, आम्ही रावेरहून केळी पाठवतो. एकदा मेल आला: ‘वुई कुड टेक टू कंटेनर्स, सब्जेक्ट टू द क्वालिटी रिपोर्ट.’ भाषांतर निघालं, ‘दर्जा अहवालानुसार दोन कंटेनर घेऊ शकतो.’ आम्ही ऑर्डर पक्की समजून घड कापायला सांगणारच होतो. मुळात म्हणणं होतं, अहवाल पटला तरच कदाचित घेऊ.

मराठी ‘शकतो’मध्ये ‘कॅन’ आणि ‘कुड’ दोन्ही मावतात, त्यामुळे मराठीचं परत इंग्रजी करूनही ही चूक सापडेलच असं नाही. मी आता मूळ मेलमधलेच ‘कुड’, ‘मे’, ‘सब्जेक्ट टू’ अधोरेखित करतो आणि मराठीत त्या जागी ‘कदाचित’, ‘तरच’ आलंय का बघतो. शंका उरली तर उत्तरात सरळ विचारतो: ऑर्डर पक्की धरू, की अहवाल पाहून कळवाल?