झोपेची जुनी तक्रार: डॉक्टरांना आधी पत्र लिहून द्यायचं तर त्यात काय लिहिलंत? (अनुभव धागा)

पारिजातक
आमचे फॅमिली डॉक्टर खूप चांगले आहेत, सासऱ्यांपासून आमचं घर त्यांच्याकडेच जातं, पण संध्याकाळच्या ओपीडीत बाहेर एवढी माणसं बसलेली असतात की आत गेल्यावर बीपी बघण्यातच वेळ संपतो. मग मी "झोप नीट नाही" एवढंच बोलते, ते म्हणतात टेन्शन घेऊ नका, गोळी चालू ठेवा, की मी बाहेर. यावेळी दोन आठवड्यांनंतरची दुपारची वेळ मागून घेतलीय आणि कंपाउंडरने सांगितलं की आधी काही लिहून दिलंत तर डॉक्टर वाचून ठेवतील. म्हणून हे लिहिलंय:

"डॉक्टर, मला खूप वर्षं झोपेचा त्रास आहे. रात्रभर झोप लागत नाही. सगळे घरगुती उपाय करून झाले. दिवसभर थकवा आणि चिडचिड असते. कृपया चांगलं औषध द्या."

वाचून माझं मलाच वाटतंय की यातून त्यांना काही कळणार नाही. तुमच्यापैकी कुणी असं पत्र दिलं असेल तर काय लिहिलंत, कशाचा उपयोग झाला, सगळं सांगा.

कोकणची_पोर
ताई, रजेसाठी हवं असेल तर डॉक्टर त्यांच्या लेटरहेडवरच सर्टिफिकेट देतात, आपण वेगळं पत्र द्यायची गरज नसते. माझ्या ऑफिसात तीन दिवसांच्या वर रजा असेल तरच मागतात.

पारिजातक
रजेसाठी नाही गं, माझा त्रास त्यांना समजावा म्हणून लिहितेय.

सिस्टर_मावशी
मी बरीच वर्षं छातीच्या डॉक्टरांच्या ओपीडीत नर्स होते, तिथे झोपेचे पेशंट खूप यायचे. पत्र द्यायचा विचार अगदी योग्य आहे. फक्त "रात्रभर झोप लागत नाही" हे वाक्य काढ, कारण त्यात तीन वेगवेगळ्या तक्रारी लपतात. पडल्यावर तासनतास झोप लागतच नाही, की लागते आणि मध्येच मोडते, की पहाटे फार लवकर जाग येते ती येतेच? डॉक्टरांचा विचार इथूनच वेगवेगळ्या वाटेने जातो.

त्यापेक्षा एक नेहमीची रात्र घड्याळासकट लिही. अंथरुणात किती वाजता गेलीस, झोप अंदाजे कधी लागली, जाग कधी आली, किती वेळ जागी होतीस, शेवटी उठलीस कधी, दुपारी झोपलीस का. वेळ मिळतोय तर दोन आठवडे रोज सकाळी चहा घेताना वहीत एक ओळ टाक. रात्री घड्याळ बघत बसू नकोस, त्याने जाग अजून पक्की होते, सकाळचा अंदाज चालतो. आणि गोळ्या सगळ्या लिही, नाव, मिलीग्राम, किती वाजता, कधीपासून.

पारिजातक
मावशी, किती छान सांगितलंत. वही आजपासून सुरू करते, पण साधारण रोजचं असं की दमलेली असते म्हणून साडेनऊलाच अंथरुणात जाते, झोप लागते अकराच्या आसपास, अडीचला टक्क जाग येते, मग पाचपर्यंत नुसती कूस बदलत राहते, पाचनंतर परत डोळा लागतो तो सातपर्यंत. दुपारी तासभर आडवी होते. बाबा गेले तेव्हा अल्प्राझोलम ०.२५ सुरू झाली, दोन वर्षं होत आली असतील, कधी कधी दोन घेते. बीपीची गोळी रात्री जेवल्यावर. वय ४९, पाळी अनियमित झालीय, रात्री घामाने गाऊन ओला होतो.

अभिजात७१
ताई, ती गोळी आजच कचऱ्यात टाका, सवय लागते तिची. मी स्वतः अशी सोडलीय. जायफळ घातलेलं दूध घ्या, मोबाइल बंद करा, माणसाला आठ तास झोप लागतेच लागते.

सिस्टर_मावशी
अभिजातदादा, सवय लागते हे खरं आहे आणि हळूहळू तोच डोस अपुरा वाटायला लागतो हेही खरं. पण रोजची अल्प्राझोलम एकदम तोडायची नसते. झोप आधीपेक्षा जास्त उडते, हात थरथरतात, घाबरल्यासारखं होतं, काहींना झटकेसुद्धा येतात. डोस पायरीपायरीने डॉक्टरच उतरवतात. म्हणून पारिजातक, "कधी कधी दोन घेते" हे पत्रात आलंच पाहिजे, लपवलंस तर ते चुकीच्या पायरीपासून सुरुवात करतील. आणि आठ तासांचा हट्ट कुणाला धरायला सांगू नका, साठीनंतर कित्येकांना सात तासही पुरतात, दिवस कसा जातो ते महत्त्वाचं.

आता तुझे आकडे बघ. साडेनऊ ते सात म्हणजे साडेनऊ तास अंथरुणात. अकरा ते अडीच साडेतीन तास आणि पाच ते सात दोन तास, म्हणजे झोप साडेपाच तास. अंथरुणातल्या वेळापैकी साठ टक्केसुद्धा झोप नाही, ८५ च्या पुढे असेल तर बरी म्हणतात. हे एक वाक्य पत्रात आलं की डॉक्टरांच्या लगेच लक्षात येईल की गोळी वाढवण्याआधी अंथरुणातली वेळ कमी करणं, दुपारची झोप बंद करणं असा इलाज बघायचा. निद्रानाशासाठी बोलून आणि सवयी बदलून करायची थेरपी असते, जुन्या निद्रानाशात आधी तीच करा असं आता सांगतात. पण स्वतःच्या मनाने वेळ कापू नकोस, पहिले काही दिवस दिवसा फार झोप येते, गाडी चालवणाऱ्यांना ते धोक्याचं. फिट येणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय करूच नये.

सह्यकडा
आमच्याकडे पत्र बायकोने लिहिलं होतं, माझ्याबद्दल, कारण मला वाटायचं मी मस्त झोपतो. तिने लिहिलं की हे घोरता घोरता एकदम थांबतात, मी मनात दहापर्यंत मोजते तरी श्वास नाही, मग दचकल्यासारखा मोठा श्वास घेतात, आणि सकाळी डोकं जड असतं, सिग्नलला डुलकी लागते. मोबाइलवर छोटा व्हिडिओही दाखवला. डॉक्टरांनी लगेच स्लीप स्टडीला पाठवलं, स्लीप अ‍ॅप्निया निघाला, आता मशीन लावून झोपतो आणि सकाळचं डोकं उतरलंय. म्हणून ताई, मिस्टरांना विचारा तुम्ही घोरता का. घोरणं म्हणजे गाढ झोप असं आमच्या घरात सगळे समजायचे.

पारिजातक
विचारलं. म्हणतात गेल्या वर्षभरात घोरायला लागलीस, पण श्वास थांबतो का ते त्यांनी कधी बघितलं नाही, आज जागून बघतो म्हणाले.

सिस्टर_मावशी
मग "घोरते, श्वास थांबतो का ठाऊक नाही" असंच लिही. श्वास थांबत असेल तर झोपेची गोळी काहींना त्रासदायक ठरते, त्यामुळे ही ओळ डॉक्टरांना गोळीच्या ओळीजवळच दिसू दे.

मनमाडची_मनू
माझं वेगळंच होतं. मी आधी डॉक्टरांना नुसतं "रात्री पाय दुखतात" सांगायचे, मग कॅल्शियम मिळायचं. नंतर बहिणीने बसवून लिहून घेतलं: दुखत नाहीत, संध्याकाळनंतर टेकलं की पिंडऱ्यांच्या आत काहीतरी वळवळल्यासारखं होतं, पाय हलवावेसेच वाटतात, उठून चाललं की थांबतं, परत पडलं की परत. डॉक्टरांनी वाचून फेरिटिन करायला सांगितलं, हिमोग्लोबिन ठीक होतं तरी फेरिटिन फार कमी निघालं. लोहाच्या गोळ्यांवर काही महिन्यांत बराच फरक पडला. आपण 'दुखतं' म्हटलं की डॉक्टर दुखण्याचंच बघणार ना.

रात्रपाळी
माझी कंपनीची शिफ्ट आठवड्याला बदलते, रात्रीची असली की सकाळी घरी येऊन झोपच येत नाही, खिडक्यांना जाड पडदे लावले तरी नाही. माझ्यासारख्याने रात्र कुठली लिहायची?

सिस्टर_मावशी
पाळीसकट लिहा, तीन पाळ्यांचे तीन नमुने, आणि सुट्टीच्या दिवशी किती वाजता झोपता ते वेगळं. सुट्टीत झोप आपोआप नीट येत असेल तर ते आवर्जून लिहा, मग डॉक्टर निद्रानाशाऐवजी पाळीकडे बघतील.

घड्याळवाला
मी घड्याळाच्या अ‍ॅपचे सगळे ग्राफ प्रिंट करून नेले होते, गाढ झोप किती, स्वप्नांची किती, सगळं. डॉक्टर म्हणाले झोपेचे प्रकार घड्याळाला नीट ओळखता येत नाहीत, कधी पडलात कधी उठलात एवढं बघतो. मला ते पटलं नाही अजून, माझ्या घड्याळाचं आणि माझं बहुतेक जुळतं.

सह्यकडा
माझं घड्याळ अ‍ॅप्नियाच्या दिवसांत रोज झोप उत्तम दाखवायचं. मी तर पुन्हा विसंबणार नाही.

पारिजातक
सगळ्यांचे मनापासून आभार. वही अजून पुरती भरली नाही, पण पत्र आता असं झालंय, एका पानात:

"डॉक्टर, साधारण दोन वर्षांपासून आठवड्यातल्या बहुतेक रात्री मध्यरात्री झोप मोडते. झोप लागायलाही तासदीड तास जातो, पण मोडण्याचा त्रास जास्त आहे. साडेनऊला अंथरुणात, झोप अकराच्या सुमारास, अडीचला जाग, पाचपर्यंत जागी, उठते सातला. अंथरुणात साडेनऊ तास, झोप साडेपाच. दुपारी तासभर झोपते. चहा तीनदा, शेवटचा संध्याकाळी पाचला.
सुरुवात वडील गेल्यावर झाली. तेव्हा दिलेली अल्प्राझोलम ०.२५ रोज रात्री, काही रात्री दोन. बंद करायची इच्छा आहे, पण तुम्ही सांगाल तशीच करेन. बीपीची गोळी रात्री घेते, रात्री एकदोनदा लघवीला उठते.
वर्षभरात घोरायला लागले, श्वास थांबतो का ठाऊक नाही. पाळी अनियमित, रात्री घाम. पायांत वळवळ नाही.
दिवसा हिशेबात चुका होतात, मुलांवर चिडते, स्कूटर चालवताना एकदा डोळा लागला. मन उदास असतं, जीव नकोसा वाटतो असं नाही.
विचारायचंय: जाग घामामुळे येते का? गोळी कशी उतरवायची? स्लीप स्टडी लागेल का?"

सिस्टर_मावशी
फार छान उतरलंय. स्कूटरची ओळ खालून उचल आणि पहिल्या परिच्छेदात घे. तोवर दमलेली असताना स्कूटर बाजूला ठेव, रिक्षाने जा. बीपीच्या गोळीचं पाकीट बरोबर ने, काही गोळ्यांत लघवी वाढवणारं औषध असतं, तसं असेल तर डॉक्टर ती सकाळी घ्यायला सांगतील. थायरॉइड शेवटचं कधी तपासलं?

पारिजातक
तीन वर्षं तरी झाली असतील. शोधते रिपोर्ट.

मनमाडची_मनू
घाम आणि अडीचची जाग एकत्रच येते का आधी जाग मग घाम? माझ्या नणंदेला उकडून जाग यायची, तिला बाईंच्या डॉक्टरांकडे पाठवलं होतं.

पारिजातक
ते मलाही सांगता येत नाहीये गं. वहीत त्यासाठी एक वेगळा रकाना आखलाय, गाऊन ओला झाला की फुली. वेळेच्या आदल्या दिवशी पत्र आणि वहीची झेरॉक्स कंपाउंडरकडे देईन, मूळ वही माझ्याकडे राहील.