उन्हाळा संपेपर्यंत थांबावं का?

"पिल्लू मस्त खेळतंय, नागपूरचा उन्हाळा जाऊ दे, सहा महिन्यांचं झालं की बघू."

नाही, कुत्र्याच्या पिल्लाची पीडीए, म्हणजे महाधमनी आणि फुफ्फुसाची धमनी जोडणारी, जन्मानंतर मिटायला हवी ती नळी उघडी राहिली असेल, तर ती बंद करायला इतकं थांबू नका. डाव्या काखेत वरच्या बाजूला सतत घरघर आणि मांडीतली नाडी उसळती, म्हणजे महाधमनीतलं रक्त फुफ्फुसाकडे वळून हृदयाची डावी बाजू ताणतंय. उशीर झाला तर नळी बंद करूनही तो ताण पुरता उतरत नाही. पिल्लू अगदी लहान असेल तर छाती उघडून नळी बांधतात. साधारण तीन किलोपुढे मांडीच्या धमनीतून नळी बुजवणारा प्लग बसतो. मे महिन्यात धापेवरून काही कळत नाही, म्हणून कूलरसमोर गाढ झोपल्यावर श्वास मोजा. मिनिटाला तीसच्या वर सतत राहिले तर फुफ्फुसात पाणी असू शकतं. मग आधी ते पाणी उतरवणारं औषध फ्युरोसेमाइड, नंतर भूल. घरघर आपोआप गेली तर मात्र खूश होऊ नका. प्रवाह उलटला असेल, तर नळी बंद करणं जिवावर बेततं, आधी इको.