मदत हवी आहे: शब्दकोड्यात नेमकं कुठलं अक्षर बदलायचं?

कुळागर (फोंडा)
वाचनालयाच्या हस्तलिखित अंकातलं गूढ कोडं घेऊन बसलोय. दहा आडवं अडलंय. पणजी लिहिलं तर उभं जुळत नाही. यात म्हणे अक्षर बदलायचं असतं. कुठलं काढायचं आणि कुठलं घालायचं, हे कशावरून कळतं? अंक उद्या सकाळी परत द्यायचाय, लवकर सांगा.

माडाखाली
अहो, शोधसूत्र कुठाय? चौकटी किती? उभ्यातून कुठलं अक्षर आलंय? इथे काय कौल लावायचा?

कुळागर
घ्या: "गोव्याची राजधानी आदर देऊन तिला घेते, दिवाळीत पेटते (३)". तिसऱ्या चौकटीत उभ्या 'तीळ'चा 'ती' आहे.

जुनेपाने
गोव्याची राजधानी म्हणजे पणजीच असं नाही. 1843 पर्यंत ती वेल्हा गोव्याला होती, आणि कदंबांच्या काळात चांदरला. कोडं करणाऱ्याने काळ सांगायला हवा होता.

माडाखाली
तीन चौकटींत वेल्हा गोवा कसा मावेल ते सांगा आधी.

रसिका_म्हापसा
मला वाटतं 'देऊन-घेऊन' म्हणजे अदलाबदल. पणजीतलीच दोन अक्षरं एकमेकांच्या जागी टाकून बघा.

आडवेतिडवे
रसिकाताई, दुसरं अक्षर शब्दात आधीपासून असेल तरच अदलाबदल. "कामदेवाच्या पहिल्या दोघांची अदलाबदल, आता दडपशाही": मदनचं दमन झालं, बाहेरून काहीच आलं नाही. इथे एक अक्षर जातं आणि बाहेरचं एक येतं. त्यामुळे सूत्रात दोघांचाही पत्ता असायला हवा. नुसता जाणाऱ्याचा असेल तर अक्षर गाळायचं, नुसता येणाऱ्याचा असेल तर भरायचं.

आता तुमचं सूत्र. व्याख्या एका टोकाला असते, मधे नाही. एक टोक 'गोव्याची राजधानी', दुसरं 'दिवाळीत पेटते'. पहिलं व्याख्या धरलं तर उत्तर पणजी, पण मग उरलेल्या शब्दांतून पणजी घडायला हवी आणि ती घडत नाही. म्हणून पणजी हा कच्चा माल. तिने 'आदर' दिला, म्हणजे 'जी' गेला. 'तिला' घेतलं, म्हणजे 'ती' आली. पणती! दिवाळीत पेटते.

हेच उलटं करायचं असतं तर सूत्र असं झालं असतं: "दिवा तिला देऊन आदर घेतो, मांडवीकाठी". मग उत्तर पणजी. आधी दिलं काय ते बघा, मग घेतलं काय ते.

कुळागर
बसलं! पण 'तिला'मधून 'ला' कुठे गेला? हे मला पटत नाही.

माडाखाली
मलाही नाही पटत. 'ती' हवी असेल तर 'ती' म्हणा.

आडवेतिडवे
विभक्ती लागली की मूळ रूप घ्यायचं, ही सूट मराठीत द्यावीच लागते, नाहीतर वाक्यच होणार नाही. इंग्रजीत हा त्रास नाही, पण तिथे दिशेचा घोळ आहे. तिथे नुसतं 'ए फॉर बी' आलं तर बी जातो आणि ए येतो. 'स्वॅपिंग ए फॉर बी' म्हटलं की उलट, ए देऊन बी घ्यायचा. आपलं 'च्या जागी' त्यापेक्षा सरळ.

माडाखाली
मी स्वतः एक रचलं होतं: "काजूच्या दारूचं तोंड बदललं, आता केसांत माळतात (२)". फेणी, वेणी. आमच्या ग्रुपवर कुणालाच सुटलं नाही.

जुनेपाने
फेणी माडाचीही असते हो.

आडवेतिडवे
त्यात 'व' येतो हे कुठे सांगितलंय? 'तोंड बदललं' एवढ्यावर फेणीची वेणी होईल, तशी लेणीही होईल. व्याख्या पक्की आहे म्हणून निभावतं, पण अशा सूत्राला उभ्यातली अक्षरं लागतातच.

रसिका_म्हापसा
आणि 'फे' बदलला की नुसता 'फ'? मात्रा तर तीच राहिली. चौकटीत अख्खं अक्षर बसतं, मग बदलायचं तेही अख्खंच.

माडाखाली
मात्रा राहिली तर बिघडलं काय? 'फे' गेला, 'वे' आला. अख्खाच बदलला की.

रसिका_म्हापसा
मग सूत्रात "फच्या जागी व" असं दिलं तर चालवून घ्याल?

आडवेतिडवे
मी नाही चालवणार. काही जण चालवतात.

कुळागर
ते नंतर भांडा. चौदा उभं बघा: "किल्ल्याचा सूर बदलला, आता मुंडक्याखालचं (२)". 'मुंडक्याखालचं' म्हणजे पहिलं अक्षर उडवायचं ना? गडमधून ग काढला की नुसता ड उरतो.

जुनेपाने
कोट असेल. गोव्यात किल्ल्यांना कोट म्हणतात.

आडवेतिडवे
गडच आहे. मुंडकं उडवू नका, ती व्याख्या आहे. 'सूर' शब्दशः घ्या. ग हा सूर, तो जाऊन सातांतला दुसरा कुठला तरी येतो. उभ्या-आडव्यातून काय मिळालंय?

कुळागर
पहिली चौकट रिकामीच आहे.

माडाखाली
मग सा रे ग म म्हणत बसा. आणि माझ्या वेणीचं काय ते ठरवा.