मदत हवी आहे: परीक्षेच्या दिवसांत जिम आणि जेवण कसं बसवू?

नमस्कार मंडळी, पुण्यात कॉट बेसिसवर राहून एमपीएससी पूर्वपरीक्षेचा अभ्यास करतोय. सकाळी आठपासून अभ्यासिकेत, संध्याकाळी सहाला जिम, मग मेसचं जेवण. त्यानंतर रात्री चालू घडामोडी वाचायला बसलो की डोळेच मिटतात. पायांच्या व्यायामाच्या दिवशी तर हमखास. मेसची डाळ म्हणजे हळदीचं पाणी, त्यामुळे पोट भरतं ते चपाती-भातानेच.

जिम पूर्ण सोडायची नाही, कारण दिवसभर बसून कंबर धरते. आठवड्यातून तीनच दिवस, स्क्वॉट, बेंच आणि रोइंग एवढंच पाऊण तासात उरकलं तर ताकद टिकेल का? आणि ते सकाळी करावं की संध्याकाळीच?

खोलीत इंडक्शनला परवानगी नाही, फक्त किटली आहे. सध्या मूठभर भिजवलेले हरभरे, दही आणि शेंगदाणे चालू आहेत. पन्नास ग्रॅम सोयाबीन वड्यांत साधारण पंचवीस ग्रॅम प्रथिनं मिळतात, म्हणून त्या उकळत्या पाण्यात भिजवून, पिळून, कांदा-लिंबू घालून खाल्ल्या. पण वास काही जात नाही! त्यावर काय करता? अंडी मालकांना चालत नाहीत.