मदत हवी आहे: ‘ऑन टूज’ चालीत टेकलेला पाय घसरतो

नमस्कार मंडळी. मी निपाणीचा असून एका छोट्या खेळासाठी लेझीम घेऊन चालणाऱ्या मुलाचा स्प्राइट हाताने काढत आहे. चाल सेकंदाला 24 फ्रेमच्या हिशेबाने ‘ऑन टूज’ आहे, म्हणजे प्रत्येक चित्र दोन फ्रेम टिकते आणि 12 चित्रांत, एका सेकंदात, दोन पावले पूर्ण होतात. ऑनियन स्किनमध्ये मागचे चित्र फिकट दिसत असल्याने टेकलेला पाय दर चित्राला नेमका 4 पिक्सेल मागे घेता आला.

खेळ मात्र सेकंदाला 60 वेळा पडदा रंगवतो, त्यामुळे एक चित्र पाच वेळा दिसते आणि मुलगा दर वेळी 0.8 पिक्सेल पुढे सरकतो. चित्र तेच असल्याने टेकलेला पायही पुढे घसरतो आणि चित्र बदलताच झटक्याने मागे येतो. ऑनियन स्किन जागा दाखवते, वेळ नाही. म्हणून हा दोष काढताना कळतच नाही.

मुलाला दर चित्राला एकदम 4 पिक्सेल नेले, तर पाय स्थिर राहतो, पण त्याच्यामागून सरकणारा कॅमेरा अडखळतो आणि मागचे ऊसमळे थरथरतात. सगळी चाल ‘ऑन वन्स’ केली, तरी घसरण निम्मीच होईल. फक्त पाय वेगळ्या थरावर ‘ऑन वन्स’ काढून धड व लेझीम ‘ऑन टूज’ ठेवल्यास ते विजोड दिसते का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.