मेल उघडतात, पण दुकानात येत नाहीत

> दर महिन्याला नव्या पुस्तकांची यादी मेल करतो. निम्मे लोक उघडतात, तरी दुकानात कुणी फिरकत नाही. काय बदलू?

उघडण्याच्या आकड्यावर विसंबू नका. ॲपलच्या मेल ॲपमध्ये २०२१ पासून असलेली गोपनीयतेची सोय वाचकाकडे चालू असेल, तर पत्रातली चित्रं आपोआप उतरतात आणि उघडणं त्यावरूनच मोजत असल्याने न वाचलेलं पत्रही उघडल्यासारखं मोजलं जातं.

खरी अडचण यादीची आहे. ती वाचून माणूस घरबसल्या मागवतो. त्याऐवजी एकच पुस्तक घ्या, तेही सगळीकडे रचलेलं नवं नको, तुमच्या कपाटातलं जरा मागे पडलेलं. ते कुणाला आवडेल आणि कुणाला नाही, हे चार-पाच ओळींत मोकळेपणाने लिहा. शेवटी: ‘चार प्रती आहेत. हवी असल्यास उत्तरात फक्त “ठेवा” लिहा, नावाची चिठ्ठी लावून रविवारपर्यंत काउंटरमागे ठेवतो.’ खाली दुकानाची वेळ. (उत्तर न स्वीकारणाऱ्या पत्त्यावरून पाठवलंत तर सगळंच फुकट!)

मग वहीत दोनच गोष्टी लिहा: किती जणांनी ‘ठेवा’ म्हटलं आणि किती जण आले. उत्तरंच नसतील तर पुस्तक किंवा मजकूर चुकला. उत्तरं येऊन माणसं आली नाहीत, तर आधी मुदत आणि दुकानाची वेळ तपासा. नोकरदारांना शनिवार-रविवार मिळतोय ना? मुदत संपली की प्रत पुन्हा कपाटात.